फोटो उडाला, ग्राफ गेला: उरलेल्या मजकुरावरून सायकलचं वर्क कसं काढायचं

मी बारावीला होते तेव्हा आमच्या घरी एकच मोबाइल होता, बाबांचा. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, क्लास तालुक्याला. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की एसटी यायची नाही, मग सर त्या दिवशीचे प्रश्न ग्रुपवर टाकायचे: आकृतीचा फोटो, आणि खाली टाइप केलेला प्रश्न. दिवाळीच्या आसपास फोनची मेमरी भरली. नवं काही उतरेना, म्हणून मीच एका रात्री सगळे फोटो पुसून टाकले. मजकूर राहिला, आकृत्या गेल्या. दुसऱ्या दिवशी वही उघडली तर थर्मोडायनॅमिक्सच्या प्रत्येक प्रश्नात एकच वाक्य: ‘आकृतीत दाखवल्याप्रमाणे’.

मागच्या आठवड्यात काकांचा मुलगा हेच रडगाणं घेऊन आला. ‘ताई, ग्राफच उडला ना. आता वर्क कसं काढू? सोडून देऊ काय?’ सोडायची गरज नव्हती. तो प्रश्न आम्ही दोघांनी बसून सोडवला, तोच इथे सांगते.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. दाब आणि व्हॉल्यूमच्या ग्राफच्या फोटोत कामाच्या तीनच गोष्टी असतात: कोपऱ्यांचे आकडे, कोपरे जोडणाऱ्या बाजूंचा आकार, आणि बाण कुठून कुठे जातो ते. आकडे आणि बाण बहुतेक वेळा मजकुरात सापडतात. अडतं ते बाजूच्या आकारापाशी, म्हणून या लेखात सगळ्यात जास्त वेळ मी तिथेच घालवणार आहे.

काय लागेल: चौकटींची वही, पेन्सिल, पट्टी, जमलं तर लॉग टेबल. आणि प्रश्नाचा मूळ मेसेज, वहीत उतरवलेला नव्हे. का ते पुढे कळेल.

## १. मजकूर जसाच्या तसा उतरवा, पर्यायांसकट

आमचा प्रश्न इंग्रजीत होता. मराठीत तो असा:

‘एक मोनोअ‍ॅटॉमिक आयडियल गॅस आकृतीत दाखवल्याप्रमाणे A→B→C→A या सायकलमधून जातो. AB मध्ये दाब ३ लाख पास्कलवर कायम राहतो आणि व्हॉल्यूम १ लिटरचा ३ लिटर होतो. BC मध्ये व्हॉल्यूम कायम राहून दाब १ लाख पास्कलवर उतरतो. एका सायकलमध्ये गॅसने केलेलं वर्क किती? (अ) २०० ज्यूल (ब) २७० ज्यूल (क) ६०० ज्यूल (ड) −२०० ज्यूल.’

CA बद्दल एक अक्षर नाही. ते आकृतीत होतं.

पर्याय उतरवायला विसरू नका. पेपर काढणारा चुकीचे पर्याय उगाच टाकत नाही. मुलं जिथे घसरतात तिथले आकडे तो पर्यायांत ठेवतो. यातला (क) AB चं वर्क काढून थांबणाऱ्यासाठी आहे, आणि (ड) उलट्या दिशेने फिरणाऱ्यासाठी. उरले (अ) आणि (ब). त्यांच्यातला फरक कुठून आला, हाच खरा प्रश्न आहे.

## २. उष्णतेचे आकडे दिलेत का, ते आधी पाहा

कधी कधी ग्राफची गरजच नसते. सायकल पूर्ण करून गॅस जिथून निघाला तिथेच परत येतो, त्यामुळे त्याच्या इंटर्नल एनर्जीत शेवटी बदल होत नाही. मग आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या उष्णतेची निव्वळ बेरीज हेच वर्क. तिन्ही बाजूंची उष्णता मजकुरात असेल तर बेरीज करा आणि मोकळे व्हा. बाजू सरळ असो की वाकडी, इथे फरक पडत नाही, कारण तो वाकडेपणा उष्णतेच्या आकड्यात आधीच शिरलेला असतो.

जपायचं ते चिन्हाला. ‘गॅसने ९०० ज्यूल उष्णता बाहेर टाकली’ असं लिहिलं असेल तर तो आकडा उणे धरायचा. आमच्या प्रश्नात उष्णतेचा पत्ताच नव्हता, म्हणून पुढे जावं लागलं.

## ३. कोपऱ्यांचा तक्ता मांडा, आणि गुणाकाराचा रकाना जोडा

```
     V       P            P×V
A    1 L     3×10⁵ Pa     300 J
B    3 L     3×10⁵ Pa     900 J
C    3 L     1×10⁵ Pa     300 J
```

लिटरचं घनमीटर करताना निम्मी मुलं शून्यं गमावतात. त्यापेक्षा एक वाक्य पाठ करा: १ लाख पास्कल गुणिले १ लिटर म्हणजे १०० ज्यूल. वहीवर आडवी एक चौकट १ लिटरची आणि उभी एक चौकट १ लाख पास्कलची घेतली, तर प्रत्येक चौकट १०० ज्यूलची होते, आणि वर्क काढणं म्हणजे चौकटी मोजणं. पेपरात दाब अ‍ॅटमॉस्फिअरमध्ये असेल तर तीच चौकट १०१.३ ज्यूलची.

शेवटचा रकाना कोणी मांडत नाही, पण फोटो नसताना तोच कामी येतो. आयडियल गॅससाठी दाब आणि व्हॉल्यूमचा गुणाकार म्हणजे nRT, म्हणजे गॅस तेवढाच असेल तर तो थेट तापमान सांगतो. तक्त्यात A आणि C ला ३०० च आलं, म्हणजे त्या दोन्ही कोपऱ्यांवर तापमान सारखं आहे. हे लिहून ठेवा, पाचव्या पायरीला लागणार आहे.

दाबाऐवजी तापमान दिलं असेल तर हाच रकाना उलटा वापरा. एक मोल गॅस ३०० केल्विनला असेल तर गुणाकार ८.३१ गुणिले ३००, म्हणजे साधारण २४९३ ज्यूल. त्यावरून दाब किंवा व्हॉल्यूम यातलं जे हरवलं ते निघतं.

## ४. कोपरे टाका, बाण अक्षरांवरून घ्या

आडव्या अक्षावर व्हॉल्यूम, उभ्यावर दाब. A वर डावीकडे, B वर उजवीकडे, C त्याच्या खाली. आधी बिंदूच टाका, रेषा काढायची घाई करू नका. A आणि B मध्ये दाब कायम, म्हणून आडवी रेषा. B आणि C मध्ये व्हॉल्यूम कायम, म्हणून उभी रेषा. CA सध्या रिकामी सोडा.

फोटोतले बाण गेले म्हणून घाबरू नका. A→B→C→A हा अक्षरांचा क्रम हाच बाण आहे.

आता ‘घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गेलं तर वर्क धन’ हा नियम. तो खरा आहे, पण व्हॉल्यूम आडवा आणि दाब उभा असेल तेव्हाच. काही पेपरांत मुद्दाम अक्षांची अदलाबदल केलेली असते, आणि मग तीच घड्याळाची दिशा उणे होते. आपला फोटोच नाही, अक्ष कसे होते हे आपल्याला ठाऊक नाही, तेव्हा घड्याळ बाजूला ठेवा. प्रत्येक बाजूवर एकच विचारा: व्हॉल्यूम वाढतोय की घटतोय? वाढला तर गॅसने वर्क केलं, धन. घटला तर गॅसवर झालं, उणे. कायम असेल तर शून्य. अक्ष कसेही असोत, हे चुकत नाही.

त्याप्रमाणे AB चं वर्क ३ लाख गुणिले २ लिटर, म्हणजे +६०० ज्यूल. BC चं शून्य. पहिल्या वेळी पोरगा इथेच थांबला होता आणि (क) वर गोल करून बसला होता. ‘BC झिरो आहे न, मग CA पण झिरोच राहीन’ असं त्याचं म्हणणं. C पासून A पर्यंत व्हॉल्यूम ३ लिटरचा १ लिटर होतो. शून्य कसं होईल?

## ५. रिकामी बाजू: सरळ की वाकडी?

C आणि A हे दोन बिंदू माहीत आहेत, पण त्यांच्यामधून जाणाऱ्या वाटा कितीही असू शकतात, आणि प्रत्येक वाटेचं वर्क वेगळं येतं. आपल्या शेताचे दोन कोपरे ठरलेले असले तरी त्यांच्यामधला धुरा सरळ आहे की आत वळलाय, यावर एकर ठरतात, तसंच हे. परीक्षेत मात्र वाटा मोजक्याच येतात: सरळ रेषा, आयसोथर्मल, अ‍ॅडियाबॅटिक. तिन्ही एकेक करून तपासा.

अ‍ॅडियाबॅटिक आधी उडवा, कारण ती तपासायला सगळ्यात सोपी. मोनोअ‍ॅटॉमिक गॅससाठी गॅमा ५/३. C वरचा गॅस ३ लिटरवरून १ लिटरपर्यंत अ‍ॅडियाबॅटिक दाबला, तर दाब ३ चा ५/३ घात इतक्या पट होईल, म्हणजे सुमारे ६.२४ पट. १ लाखाचा ६.२४ लाख. पण A वर दाब ३ लाखच आहे. ही वाट A ला पोचतच नाही, पार वर निघून जाते. बाद.

आयसोथर्मल होऊ शकते का? इथे तक्त्याचा शेवटचा रकाना कामाला येतो. दोन्ही टोकांचा गुणाकार सारखा नसता तर आयसोथर्मलही लगेच बाद झाली असती. इथे दोन्हीकडे ३०० आहे, म्हणजे ती शक्य आहे. पण शक्य आहे म्हणजे तीच आहे असं नाही! मी स्वतः बारावीला इथे पडले होते. दोन टोकांना तापमान सारखं दिसलं की सबंध वाटेवर तापमान सारखंच असणार असं मी धरून चालले. सरळ रेषेवर मधला बिंदू घेऊन पाहा: व्हॉल्यूम २ लिटर, दाब २ लाख, गुणाकार ४०० ज्यूल. म्हणजे सरळ रेषेने गेलं तर गॅस मध्ये तापतो आणि मग पुन्हा पहिल्या तापमानावर येतो. आयसोथर्मल वाटेवर त्याच २ लिटरला दाब दीड लाखच असतो. ती वाट सरळ रेषेच्या खालून, पोटात झोळ पडल्यासारखी जाते.

आता दोन्ही वाटांचं वर्क काढू.

सरळ रेषा असेल तर सरासरी दाब २ लाख, व्हॉल्यूम २ लिटरने घटला:

```
W(CA) = −2×10⁵ × 2×10⁻³ = −400 J
W = 600 + 0 − 400 = +200 J
```

वहीवर ताळा बघा. त्रिकोण दोन चौकटी रुंद, दोन चौकटी उंच, क्षेत्रफळ दोन चौकटी, म्हणजे २०० ज्यूल. जुळलं.

आयसोथर्मल असेल तर:

```
W(CA) = −300 × ln 3 = −300 × 1.1 = −330 J
W = 600 + 0 − 330 = +270 J
```

लॉग टेबल वापरत असाल तर ३ चा लॉग ०.४७७१ मिळेल. तो २.३०३ ने गुणायचा राहून गेला की उत्तर भलतंच येतं.

रेषा खाली झोळली की आतली जागा वाढते, म्हणून २७० हे २०० पेक्षा मोठं. बरोबर वाटतंय. पण (अ) २०० आणि (ब) २७०, दोन्ही पर्यायांत आहेत. म्हणजे पेपर काढणाऱ्याला ही गफलत ठाऊक होती आणि त्याने दोन्ही वाटांवर सापळा लावून ठेवला होता.

## ६. आकाराचा सुगावा मजकुरातच शोधा

इथे मी पोराला म्हटलं, वही ठेव, मूळ मेसेज दाखव. त्याने फोन पुढे केला. लांब मेसेज असला की खाली ‘Read more’ येतं, ते त्याने दाबलंच नव्हतं. दाबलं तर शेवटी एक ओळ: ‘ln 3 = 1.1 घ्या.’

त्रिकोणाच्या क्षेत्रफळाला ln लागत नाही. CA आयसोथर्मल होती. उत्तर (ब), २७० ज्यूल.

‘काऊन बाप्पा, एवढंच होतं?’ असं म्हणून तो स्वतःवरच हसला. मला माझी बारावी आठवली.

सुगावे असे असतात: शेवटी दिलेली ln किंवा लॉगची किंमत; पर्यायांतच `300(2 − ln 3)` असली आकडेमोड; ‘तापमान कायम ठेवून मूळ स्थितीत आणला’ असं वाक्य. तिन्ही आयसोथर्मलकडे बोट दाखवतात. गॅमाची किंमत किंवा ‘उष्णतेची देवाणघेवाण न होता’ असं असेल तर अ‍ॅडियाबॅटिक. यातलं काहीच नसेल, आकडे गोल असतील आणि पर्यायही गोल असतील, तर बहुधा सरळ रेषा.

‘बहुधा’ मुद्दाम म्हटलं. सगळ्या किमती पेपरच्या पहिल्या पानावर एकत्र छापलेल्या असतील, तर तिथला ln 3 कुठल्या प्रश्नासाठी आहे ते सांगता येत नाही. प्रश्नाच्या पोटातच दिलेली किंमत हाच सुगावा. आणि गॅस मोनोअ‍ॅटॉमिक आहे एवढ्यावरून अ‍ॅडियाबॅटिक धरू नका. आमच्याच प्रश्नात तो शब्द होता आणि शेवटच्या उत्तराला त्याची गरज पडली नाही.

## ७. केमिस्ट्रीच्या वहीतून चिन्ह उचलू नका

हे थोडक्यात. फिजिक्सच्या धड्यात गॅसने केलेलं वर्क धन असतं. केमिस्ट्रीच्या धड्यात तेच उणे लिहितात, कारण तिथे गॅसवर झालेलं वर्क मोजतात. प्रश्नात ‘गॅसने केलेलं’ आहे की ‘गॅसवर केलेलं’ आहे, त्यावर बोट ठेवून वाचा. आमच्या प्रश्नात ‘गॅसवर’ असतं तर उत्तर −२७० झालं असतं.

## ८. सुगावाच नसेल तर काय विचारायचं

समजा ती शेवटची ओळ खरोखरच नसती. मग २०० की २७०, हे कुणालाच सांगता आलं नसतं, सरांनासुद्धा, त्यांनी फोटो पाहिल्याशिवाय. अशा वेळी वहीत दोन्ही उत्तरं लिहा आणि प्रत्येकापुढे काय धरलं तेही लिहा: ‘CA सरळ असेल तर २००, आयसोथर्मल असेल तर २७०.’

आणि ज्याच्याकडे फोटो आहे त्याला विचारा. फोटो परत पाठव म्हटलं तर गावात रेंज नसते, नाहीतर त्याचीही मेमरी भरलेली असते. शब्दांत मागवा. ग्राफ शब्दांत सांगता येतो, फक्त नेमकं विचारावं लागतं. ‘ग्राफ कसा आहे?’ असं विचारलं की ‘तिरपा आहे’ एवढंच उत्तर येतं.

एक मात्र सांभाळा. समोरचा फोनवर चौकटी मोजून सांगत असेल, ‘A खालून तिसऱ्या रेघेवर आहे’ असं, तर अक्ष शून्यापासून सुरू होतात का ते विचारा. कधी कधी अक्ष मधूनच सुरू केलेला असतो. सायकलने वेढलेल्या जागेला त्याने काही होत नाही, पण दाब गुणिले व्हॉल्यूमचा रकाना पार चुकतो, आणि मग आयसोथर्मल शक्य आहे की नाही हेही चुकतं. चौकटी नाही, अक्षावर छापलेले आकडे वाचायला सांगा.

मी पोराला जो मेसेज लिहून दिला तो असा. प्रश्न क्रमांक बदलून तुम्ही तसाच वापरा:

‘प्र. १४ चा ग्राफ माझ्याकडून उडाला. फोटो नको, एवढं लिहून पाठव. आडव्या अक्षावर काय आहे, उभ्यावर काय? दोन्हीवर सगळ्यात कमी आकडा कोणता छापलाय? A, B, C समोर अक्षांवर कोणते आकडे आहेत? C पासून A ची रेघ पट्टीने काढल्यासारखी आहे की झोळलेली? तिच्याजवळ काही शब्द लिहिलाय का? बाण कोणत्या अक्षराकडून कोणत्या अक्षराकडे?’